कांदा बंद, पण कधीपर्यंत?

जानेवारीत सिंहगड रस्त्यावर राहणारी एक चौतीस वर्षांची बाई माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या हातात दुमडलेला एक कागद होता. वर मोठ्या अक्षरात ‘बंद’ असं लिहिलेलं आणि खाली तेवीस पदार्थ. दूध, पोळी, तूरडाळ, हरभरा, फ्लॉवर, कांदा, सगळी फळं, शेंगदाणे, अंडी, अगदी कोथिंबीरसुद्धा. उरलं होतं काय, तर दहीभात, मऊ खिचडी आणि उकडलेला बटाटा. दोन वर्षांत चार किलो वजन उतरलं होतं आणि पोट तरीही दुखतच होतं. हिंजवडीला ऑफिस, जाता-येता दोन-अडीच तास बस, त्यामुळे सकाळी निघण्याआधी तीन वेळा शौचाला जाऊन यायचं, हा रोजचा नेम.

मी आहारतज्ज्ञ आहे आणि अशी ‘बंद’ची यादी घेऊन येणारी माणसं मला महिन्यातून बऱ्याचदा भेटतात. यादीतली एकेक ओळ कुठून आली ते विचारलं की उत्तरं ठरलेली असतात. एकदा लग्नात पनीर खाल्लं आणि त्रास झाला, म्हणून पनीर बंद. मावशी म्हणाली म्हणून शेंगदाणे बंद. कुठेतरी वाचलं म्हणून गहू बंद. वस्तू यादीत जाते तेव्हा कोणी तपासत नाही, आणि एकदा गेली की तिला बाहेर यायला दरवाजाच नसतो. कमी फॉडमॅपचा आहार, म्हणजे नीट न शोषल्या जाणाऱ्या काही साखरी कमी करून बघायचा आहार, हा खरं तर असा दरवाजा करून देणारा प्रकार आहे. पण आपल्याकडे तो अर्धाच पोचलाय. ‘हे हे खाऊ नका’ एवढा पहिला भाग सगळ्यांना माहीत असतो, पुढचे दोन भाग गायब.

या बाईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. त्यांना मी इथे ‘वहीवाली’ म्हणेन, कारण पुढचे सहा महिने आमचं सगळं काम एका शंभर पानी वहीत चाललं.

आधी पोटात नेमकं काय होतं ते बघू. काही साखरी अशा असतात की त्या लहान आतड्यात नीट शोषल्याच जात नाहीत. कांदा, लसूण आणि गव्हात फ्रुक्टन असतो. कडधान्यांत आणि डाळींत गॅलॅक्टन असतो. दुधात लॅक्टोज. आंबा आणि मधात फ्रुक्टोज, आणि तो ग्लुकोजपेक्षा जास्त प्रमाणात. रताळी, मशरूम यांत मॅनिटॉल, तर ‘शुगर-फ्री’ गोळ्यांत बऱ्याचदा सॉर्बिटॉल. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५च्या सुमारास या सगळ्यांची एक मोट बांधली आणि तिला ‘फॉडमॅप’ हे नाव दिलं. या साखरी आतड्यात पाणी ओढून घेतात, पुढे मोठ्या आतड्यात गेल्या की तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. म्हणजे आतडं पाणी आणि वायू या दोन्हींनी ताणलं जातं.

आता यातली महत्त्वाची गोष्ट. फ्रुक्टन आणि गॅलॅक्टन तोडणारं एन्झाइम कोणत्याच माणसाकडे नसतं. मिसळ खाल्ल्यावर तुमच्या पोटात जो वायू होतो, तो तुमच्या धडधाकट भावाच्या पोटातही होतो. फरक इतकाच, की आयबीएस असलेल्या, म्हणजे तपासण्या ठीक येऊनही पोट वारंवार दुखणाऱ्या आणि शौच बिघडणाऱ्या माणसाच्या आतड्याच्या नसा जास्त हळव्या असतात. भावाला जे ‘पोट जरा जड’ वाटतं, ते या माणसाला मुरडा म्हणून जाणवतं. म्हणून ही अ‍ॅलर्जी नव्हे, विष नव्हे, आणि आतड्याला इजाही होत नाही. सगळा प्रश्न प्रमाणाचा आहे. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं, आणि बसलं नाही तर माणूस कोथिंबिरीलासुद्धा घाबरतो.

वहीवालीला मी पहिल्या दिवशी आहार दिला नाही. उलट पोळी सुरू करायला सांगितली. ती चमकलीच. कारण असं होतं की सीलिअॅक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला खरोखर इजा होणारा आजार आधी तपासून बाजूला काढायला हवा, आणि त्याची रक्ततपासणी गहू खात असतानाच खरं उत्तर देते. गहू सोडून वर्ष झालेल्या माणसाची तपासणी खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते. तिच्या डॉक्टरांनी सहा आठवडे रोज दोन जेवणांत पोळी खायला लावली आणि मग रक्त घेतलं. वजन उतरलं होतं म्हणून हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि शौचातली सूज दाखवणारी तपासणीही झाली. सगळं ठीक निघालं. शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, अकारण उतरणारं वजन, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, किंवा घरात कोणाला आतड्याचा कॅन्सर झालेला असणं, यांपैकी काही असेल तर आधी पोटविकारतज्ज्ञ, आहार नंतर. यात घासाघीस नाही.

आणखी एक गोष्ट मी आधी करून बघते, कारण कित्येकांना एवढ्यानेच पुरतं. वेळेवर जेवण, सावकाश खाणं, चहा दिवसाला पाच-सहा कपांवरून दोनावर, तळण आणि तिखट कमी. २०१५मध्ये स्वीडनमध्ये ७५ रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात अशा साध्या सल्ल्याने आणि फॉडमॅप आहाराने जवळपास सारख्याच, म्हणजे साधारण निम्म्या लोकांना आराम पडला होता. वहीवालीने हे सगळं आधीच करून पाहिलं होतं, म्हणून आम्ही पुढे गेलो.

मार्चच्या सुरुवातीला वही उघडली. पहिला आठवडा काहीही न बदलता फक्त लिहायचं. रोज रात्री पोटदुखी किती आणि फुगणं किती, ० ते १० मध्ये. शौच किती वेळा आणि कशी, याला ब्रिस्टल तक्त्याचे १ ते ७ आकडे वापरतात. १ म्हणजे लेंड्यांसारखं कडक, ७ म्हणजे पाण्यासारखं, ३ आणि ४ म्हणजे झकास. शेजारी जेवण, पण ‘थोडी भाजी’ असं नाही, तर वाटीत आणि चमच्यात. आणि शेवटच्या कोपऱ्यात झोप, पाळी, ऑफिसची धावपळ. हा कोपरा लोक टाळतात आणि नंतर तोच कामाला येतो.

शिवाय एक मोठा गुणतक्ता असतो, तो दर काही आठवड्यांनी भरायचा. १९९७पासून जगभर वापरात असलेल्या या तक्त्यात पाच प्रश्न असतात, प्रत्येकाला १०० गुण: दुखणं किती तीव्र, गेल्या दहा दिवसांत किती दिवस दुखलं (दिवसाला १० गुण), पोट किती फुगतं, शौचाच्या सवयीवर किती नाराज आहात, आणि या सगळ्याने रोजच्या जगण्यात किती अडथळा येतो. बेरीज ७५च्या खाली असेल तर त्रास जवळजवळ नाहीच, १७५पर्यंत सौम्य, ३००पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. आणि ५० गुण कमी झाले तर फरक खरा मानायचा. वहीवालीचे आकडे होते ६०, ६०, ७५, ७० आणि ५५. बेरीज ३२०. ‘एवढं?’ म्हणाली. मी म्हटलं, हा आकडा आहे म्हणूनच महिन्याने आपल्याला भांडता येईल.

मग पहिला टप्पा. फॉडमॅप असलेल्या वस्तू चार आठवडे कमी करायच्या. दोनपेक्षा कमी आठवड्यांत काही कळत नाही आणि सहापेक्षा जास्त ताणायचं नसतं. पुणेरी स्वयंपाकघरात हे ऐकायला वाटतं तेवढं अवघड नाही. भात, ज्वारीची भाकरी, पोहे, साबुदाणा, बटाटा, भेंडी, वांगं, गाजर, काकडी, पालक, अंडी, मासे, चिकन, पनीर, शेंगदाणे, तूप, संत्रं, पपई, पिकलेला पेरू, हे सगळं नेहमीच्या प्रमाणात चालतं. साखर आणि थोडा गूळही. चहात लॅक्टोज-फ्री दूध. डाळीऐवजी शिजवलेले मूग, पण पाव वाटी. केळं हवं असेल तर जरा कच्चट, कारण काळे ठिपके पडेपर्यंत पिकलं की त्यात फ्रुक्टन वाढतो.

खरी अडचण कांदा-लसणाची. वहीवालीच्या सासूबाई पहिल्याच भेटीला सोबत आल्या होत्या. म्हणाल्या, “मॅडम, लसूण नाही म्हणजे आमटीला करायचं काय आम्ही?” त्यांना मी जे सांगितलं ते त्यांना इतकं आवडलं, की त्यांनी सोसायटीतल्या सगळ्यांना सांगितलं असणार. फ्रुक्टन पाण्यात विरघळतो, तेलात विरघळत नाही. म्हणजे तेलात लसणाच्या अख्ख्या पाकळ्या लालसर होईपर्यंत परतल्या आणि पाकळ्या काढून टाकल्या, तर वास तेलात राहतो आणि फ्रुक्टन पाकळीबरोबर बाहेर जातो. पण हेच लसूण आमटीत उकळलं आणि मग वेचून काढलं, तर काही उपयोग नाही, फ्रुक्टन रश्शात उतरलेला असतो. फोडणी आधी, पाकळ्या बाहेर, पाणी नंतर, एवढा क्रम पाळायचा. हे तेल रोज ताजं करायचं, लसूण घालून बाटलीत भरून ठेवायचं नाही, त्यात विषारी जंतू वाढू शकतात. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो, पांढरा नाही. गोडा मसाला चालतो, कांदा-लसूण मसाला बंद. पाकिटावरची बारीक अक्षरं मात्र वाचायची. फरसाण, सूप, चिप्स, सगळीकडे कांद्याची पूड असते.

एकादशीचं ताट बघितलं तर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, तीन वस्तूंत एकही अडचण नाही. एक रताळं सोडलं तर आमचा अर्धा आहार उपासाच्या फडताळात तयारच असतो. आणि मिसळ बघितली तर मटकी, पाव, कांदा, फरसाण, म्हणजे प्रत्येक थरात काही ना काही आहे. लोक म्हणतात, “मिसळीचं तिखट सोसलं नाही.” तिखटाचा आणि तर्रीतल्या तेलाचाही वाटा असतो, नाही असं नाही. पण एकाच ताटात चार ठिकाणचे फॉडमॅप एकावर एक चढतात आणि दोष मात्र तर्रीला लागतो.

तिसऱ्या आठवड्यात गुढीपाडवा आला. वहीत ओळ आहे: ‘पुरणपोळी २, वर दूध अर्धी वाटी. रात्री दुखणं ६, फुगणं ८.’ सकाळी फोन, “मॅडम, सगळं परत पहिल्यापासून?” नाही. फॉडमॅपचा परिणाम दिवस-दोन दिवसांत ओसरतो, आतड्यात काही साठून राहत नाही. पुढच्या दिवसापासून चालू ठेवायचं. फक्त एवढं लक्षात घ्यायचं, की या ओळीवरून काहीच सिद्ध होत नाही. पुरणातला हरभरा, पोळीतला गहू आणि वरचं दूध, तिघे एकदम आले. हीच पुरणपोळी दोन वर्षांपूर्वी खाल्ली असती तर त्या कागदावर तिन्ही गोष्टी एकदम ‘बंद’ झाल्या असत्या.

चार आठवड्यांनी तक्ता भरला: २५, २०, ३०, ४०, २५. बेरीज १४०. तीनशे वीसवरून. शौच ६ वरून बहुतेक दिवशी ४ वर. सगळ्यांना असं होत नाही. या आहाराने बऱ्याच जणांना आराम पडतो, पण चाळीस-पन्नास टक्के लोकांना पुरेसा पडत नाही. ज्यांचा आकडा हललाच नाही, त्यांनी सहाव्या आठवड्यात हा आहार सोडून आपल्या नेहमीच्या जेवणावर परत जायचं, आणखी कडक करायचं नाही. त्यांचं कारण दुसरीकडे शोधायला हवं.

आणि ज्यांना आराम पडतो, त्यांचीच खरी गोची इथे होते. “मॅडम, आता बरंय, कशाला छेडायचं?” वहीवालीही हेच म्हणाली. पण फ्रुक्टन आणि गॅलॅक्टन हे मोठ्या आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाणं आहे. ते महिनोन्‌महिने बंद ठेवलं की बिफिडो जातीचे जिवाणू कमी होतात, हे अभ्यासांत दिसलंय. तंतुमय पदार्थ आणि कॅल्शियमही घटतं. शिवाय पाच-सहा साखरींपैकी बहुधा एक-दोनच तिच्या शत्रू असणार, मग बाकीच्यांना उगाच का कोंडून ठेवायचं?

दुसरा टप्पा एप्रिलच्या मध्यापासून. बाकी जेवण तसंच कमी फॉडमॅपचं ठेवायचं आणि एका वेळी एकच साखर, एकाच वस्तूतून, तीन दिवस चढत्या प्रमाणात. मग तीन दिवस विश्रांती, किंवा आकडे मूळपदावर येईपर्यंत. जास्त त्रास झाला तर तिथेच थांबायचं. आम्ही आधीच ठरवलं, की फुगणं किंवा दुखणं तिच्या नेहमीच्या २-३ वरून ६ किंवा वर गेलं तरच ‘चाललं नाही’ म्हणायचं. हे आधी ठरवावं लागतं. नंतर ठरवलं की मन आपल्या भीतीच्या बाजूने निकाल देतं.

पहिलं दूध. पाव कप, अर्धा कप, मग पूर्ण कप. फुगणं २, २, ३. दोन वर्षं दूध बंद होतं आणि पूर्ण कप तिला बिनदिक्कत पचला. लॅक्टोज कमी शोषलं जाणाऱ्या बऱ्याच लोकांनाही एका वेळी एवढं दूध सोसतं. दुसऱ्या दिवशी तिने सायीच्या दह्याचा फोटो पाठवला.

मग गहू. एका जेवणात एक पोळी, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. दोनपर्यंत २ आणि ३, तीनला ६. म्हणजे गहू बंद नाही, एका जेवणात दोन पोळ्या चालतात. ‘मला ग्लुटेन सोसत नाही’ म्हणणाऱ्यांत असं पुष्कळदा निघतं. २०१८मध्ये नॉर्वेत अशाच ५९ जणांना, कशात काय आहे ते न सांगता, वेगवेगळ्या वड्या खायला दिल्या. ग्लुटेनच्या वडीपेक्षा फ्रुक्टनच्या वडीने जास्त त्रास झाला.

कांदा हा फ्रुक्टनच, पण वेगळा तपासावा लागतो, कारण गव्हापेक्षा त्यात फ्रुक्टन दाट असतो. एक छोटा चमचा परतलेला कांदा: ३. दुसऱ्या दिवशी एक मोठा चमचा: दुखणं ५, फुगणं ७, शौच तीनदा. थांबलो. हे ठरलेलं होतं, त्यामुळे कोणी दुःखी झालं नाही.

लसणाची गोष्ट मला वहीतली सगळ्यात शिकवणारी वाटते. पाव पाकळीला काही नाही, अर्ध्या पाकळीला फुगणं ७. ती म्हणाली, कांदा-लसूण दोन्ही गेले. मी शेवटचा कोपरा वाचला: ‘पाळीचा पहिला दिवस, रात्री दोनपर्यंत कॉल.’ पाळीच्या दिवसांत आयबीएसचा त्रास अनेकींना आपोआप वाढतो. ही तपासणी बाद केली, दोन आठवड्यांनी परत घेतली. पाव, अर्धी, एक पाकळी: २, ३, ३. तो कोपरा रिकामा असता तर लसूण आयुष्यभरासाठी गेला असता, आणि तोही निर्दोष असताना.

कडधान्यासाठी उकडलेले हरभरे. दोन चमचे, पाव वाटी, अर्धी वाटी. अर्ध्या वाटीला वायू भरपूर झाला, पण दुखणं २, शौच ४. तिने बाजूला लाल फुली मारली होती, मी ती खोडली. हरभरे खाल्ल्यावर वायू होणं म्हणजे आतडं आपलं काम करतंय. त्रास मोजायचा, वायू मोजायचा नाही. घरच्यांना तेवढं समजून घ्यायला सांगितलं. पुढे आंबा मेमध्ये आला तो थेट तपासणीतच आला, आणि एक फोड, अर्धा आंबा, पूर्ण आंबा या चढणीवर पास झाला. रताळं अर्ध्या वाटीपर्यंत ठीक, एक वाटीला ६.

जूनच्या अखेरीस तिसरा टप्पा, म्हणजे रोजचं आयुष्य. वहीत आता एका पानावर प्रमाणं आहेत: पोळी दोन, आमटी एक वाटी, दूध एक कप, लसूण फोडणीत आणि चटणीत बेताने, कांदा फक्त चवीपुरता, रताळं एका वेळी अर्धी वाटी. वजन अडीच किलो वाढलंय. तक्त्याची बेरीज १५५. मधल्या १४० पेक्षा थोडी जास्त, पण ५०च्या आतला फरक, आणि त्या बदल्यात ताटात किती वस्तू परत आल्या ते बघा. मला विचाराल तर १४० चं कोंडलेलं ताट आणि १५५ चं मोकळं ताट यांत मी डोळे मिटून दुसरं घेईन. मिसळीसाठी तिने स्वतः शक्कल काढली. घरी लसणाच्या तेलाची तर्री, मटकी पाव वाटी, वर पातीचा हिरवा कांदा, पाव एक.

वजन आधीच फार कमी असलेले, खाण्याबद्दल मनात भीतीचा आजार बसलेले, गरोदर बायका आणि लहान मुलं, यांनी हा आहार स्वतःच्या मनाने करू नये. बाकीच्यांनीही शक्यतो आहारतज्ज्ञाबरोबर करावा, निदान मोनाशचं अॅप जवळ ठेवून. दुसऱ्याची यादी उचलू नये, वहीवालीचीसुद्धा नाही. तिचा लसूण तुम्हाला सोसेलच असं नाही.

आषाढात कांदेनवमी आली. चातुर्मासात कांदा सोडायचा म्हणून आदल्या दिवसांत तो मनसोक्त खायचा, हा सासूबाईंच्या घरचा रिवाज. कांदा सोडण्याचा दिवस ठरलेला आणि परत घेण्याचाही, हे आमच्या पहिल्या टप्प्यासारखंच. घरभर खेकडा भज्यांचा वास. वहीतली त्या दिवसाची ओळ अशी आहे: ‘भजी ४. मुद्दाम खाल्ली. दुखणं ४, फुगणं ६. उद्या ऑफिस घरून. पुढच्या वर्षी २.’